किल्ली घेताना मालक, भाडं थकल्यावर उपरी

थकलेल्या भाड्यासाठी दुकान खाली करून मागणारा दावा लागला, की भाडेकरूच्या कैफियतीत एक वाक्य बऱ्याचदा सापडतं: ‘वादी ही दावा मिळकतीची मालकच नाही, सबब तिला हा दावा आणण्याचा अधिकार नाही.’ भाडं का थकलं याला उत्तर नसलं, की मालकीवर बोट ठेवलं जातं. कधी कधी त्या वाक्यात तथ्यही असतं. तरीही न्यायालय बहुतेक वेळा ते ऐकून घेत नाही, आणि का ऐकत नाही याचं कारण भाडेकरू, घरमालक आणि काही वेळा वकीलही चुकीच्या जागी शोधतात.

कायद्यात या अडवणुकीला विबंध म्हणतात. कोर्टाच्या आवारात ‘एस्टॉपेल’ हाच शब्द चालतो. माणसाने आधी एक भूमिका घेतली, तिच्या जोरावर काही पदरात पाडून घेतलं, तर पुढे उलटी भूमिका घ्यायला तो मोकळा राहत नाही. गोष्ट खरी असली तरी ती सिद्ध करण्याचं दारच त्याच्यासाठी बंद होतं. पण हे दार वेगवेगळ्या कारणांनी बंद होतं, आणि प्रत्येक कारणाच्या अटी निराळ्या असतात.

एक उदाहरण रचून पाहू. पुण्याच्या पेठेत एक वाडा आहे. वाड्याचं दर्शनी दुकान २०१७ साली एका बाईंनी स्टेशनरीच्या व्यापाऱ्याला दिलं. भाडं महिना १५,००० रुपये, मुदत पाच वर्षं. करारात लिहिलं, ‘सदर मिळकत लिहून देणार यांच्या मालकीची व कब्जेवहिवाटीची आहे.’ दोघांच्या सह्या झाल्या, पण दस्ताची नोंदणी राहिली. व्यापाऱ्याने किल्ली घेतली, पाटी लावली, चार वर्षं भाडं देऊन पावत्या घेतल्या. २०२१ मध्ये भाडं थांबलं. बाईंनी महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या १५व्या कलमाप्रमाणे लेखी नोटीस दिली, नव्वद दिवस थांबल्या आणि मग लघुवाद न्यायालयात गेल्या. व्यापाऱ्याने प्रॉपर्टी कार्डाचा उतारा काढला. त्यावर नाव बाईंचं नव्हतं, त्यांच्या दिवंगत चुलत सासऱ्यांचं होतं.

आता व्यापाऱ्याला ‘ही मालक नाही’ असं म्हणता येईल का?

पहिला आधार सुचतो तो निवेदनाने होणाऱ्या विबंधाचा. १८७२च्या पुरावा कायद्यात तो ११५व्या कलमात होता. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तो १२१व्या कलमात आहे. एकाने बोलून, वागून किंवा गप्प राहून दुसऱ्याला एखादी गोष्ट हेतुपुरस्सर खरी मानायला लावली आणि दुसरा त्या समजुतीवर विसंबून काही करून बसला, तर पहिल्याला ती गोष्ट नाकारता येत नाही. इथे नेमकं काय घडलं ते पाहा. ‘दुकान माझं’ हे निवेदन बाईंचं होतं. हा विबंध बोलणाऱ्याला बांधतो, ऐकणाऱ्याला नाही. त्यामुळे उद्या बाईच म्हणाल्या, की माझी मालकीच नव्हती, सबब करार फोल, तर त्यांना १२१वं कलम आडवं येईल. व्यापाऱ्याला मात्र ते हातही लावत नाही.

यावर घरमालकाच्या बाजूने युक्तिवाद होतो, की दर महिन्याला भाडं देऊन पावती घेणं हेही भाडेकरूचं निवेदनच झालं. तो वरकरणी पटतो, पण मुळातच लंगडा आहे. बाई आपल्या मालकीबद्दल व्यापाऱ्याच्या वागण्यामुळे फसल्या असं कसं म्हणणार? आपल्या हक्कात किती दम आहे हे त्यांनाच सगळ्यांत आधी ठाऊक होतं. ज्याला खरी परिस्थिती माहीत आहे त्याला विबंधाचा आधार नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष या खटल्यात सांगितलं. १८९५ साली एका अज्ञान मुलाने वीस हजार रुपयांसाठी आपली घरं गहाण टाकली होती आणि आपण सज्ञान असल्याचं लिहूनही दिलं होतं. पण सावकाराच्या कारभाऱ्याला मुलाचं खरं वय कळलेलं होतं. जो फसलाच नाही, त्याला ‘तू असं म्हणाला होतास’ हे शस्त्र वापरता आलं नाही. हीच कसोटी आपल्या दुकानाला लावली, तर बाईंचा हा आधार निसटतो.

मग दस्ताकडे वळावं. दस्ताने होणारा विबंध ही इंग्लिश कायद्यातली जुनी चीज. रीतसर करून दिलेल्या दस्तात एखादी वस्तुस्थिती स्पष्ट आणि नेमकी नमूद असेल, तर त्या दस्तावरून उठलेल्या वादात पक्षकारांना ती नाकारता येत नाही. यात कोणी विसंबलं का, कोणाचं नुकसान झालं का, असं काही विचारलं जात नाही. दस्ताचं गांभीर्यच पुरेसं मानलं जातं. निवेदनाच्या विबंधापेक्षा हा एवढ्यापुरता सोपा. पण त्याचीही एक कडक अट आहे: नमूद केलेलं विधान कोणाचं? हाउस ऑफ लॉर्ड्सने ग्रीअर विरुद्ध केटल या खटल्यात १९३७ साली हे स्पष्ट केलं. दस्तातलं प्रत्येक वाक्य दोघांचं नसतं. ज्याने ते वाक्य आपलं म्हणून मांडलं, तोच त्याने बांधला जातो. आपल्या करारात मालकीचं वाक्य ‘लिहून देणार’ यांचं आहे. खाली व्यापाऱ्याची सही आहे, म्हणून ते विधान त्याचं होत नाही.

शिवाय भारतात हा विबंध स्वतंत्र कलम म्हणून कुठेही लिहिलेला नाही. दस्तातलं कथन आपल्याकडे सहसा कबुलीजबाब म्हणून, म्हणजे पुरावा म्हणून वाचलं जातं. आणि आपला करार तर नोंदणीविना पडला आहे. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या ५५व्या कलमाने असा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती राहिली तर भाड्याच्या अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. ज्या कागदाच्या अटींवर बाईंना भरवसा ठेवता येत नाही, त्या कागदावर मालकीचा विबंध कसा उभा करणार?

इथवर व्यापारी जिंकल्यासारखा वाटतो. तसं होत नाही. कारण भाडेकरूला अडवणारी गोष्ट ना निवेदन आहे, ना दस्त. ती आहे त्याने स्वीकारलेला ताबा.

जुनं ११६वं आणि आताचं १२२वं कलम एवढंच सांगतं, की भाडेकरूला, किंवा त्याच्यामार्फत हक्क सांगणाऱ्याला, भाडेपट्ट्याच्या सुरुवातीला घरमालकाची त्या मिळकतीवर मालकी होती हे नाकारता येणार नाही. या कलमात कागद लागत नाही, तोंडी भाडेपट्टाही चालतो. मालकीबद्दल कोणाची कोणती समजूत होती हेही लागत नाही. बाई मालक नाहीत हे व्यापाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असलं तरी तो सुटत नाही. बाईंनी किल्ली दिली, त्याने भाडेकरू म्हणून ती घेतली, एवढ्यावर नातं पक्कं झालं. नोंदणी नसलेला करारही ताबा कोणत्या नात्याने मिळाला हे दाखवण्यापुरता वाचता येतो, आणि पावत्या तर आहेतच. त्यामुळे प्रॉपर्टी कार्डाचा उतारा व्यापाऱ्याच्या हातात असूनही उपयोगाचा राहत नाही. ‘लिव्ह अँड लायसन्स’वर आत आलेल्यालाही हेच कलम त्याच्या परीने लागू होतं: परवानगी देणाऱ्याला त्या वेळी ताब्याचा हक्क होता, हे त्याला नाकारता येत नाही. मालकीत खोट असली तरी चालेल, पण घेतलेला ताबा उघडपणे परत केल्याशिवाय भाडेकरूने ती खोट उगाळायची नाही, असं प्रिव्ही कौन्सिलने १९१५ साली बिलास कुंवरच्या खटल्यात सांगितलं होतं.

हा नियम कठोर वाटतो, पण न्याय्य आहे. ज्याच्या बळावर दुकानात पाय ठेवता आला, त्याच्याकडून आधी मालकीचा पूर्ण इतिहास मागायचा म्हटलं, तर गावगाड्यात आणि शहरांच्या जुन्या भागात भाड्याचा एकही दावा वेळेत निकाली निघणार नाही. वारसनोंदी रखडलेले वाडे आणि चाळी आपल्याकडे काही कमी नाहीत.

कलमातले वजनदार शब्द मात्र ‘सुरुवातीला’ हे आहेत. सुरुवातीची मालकी नाकारता येत नाही. ती नंतर संपली असं म्हणता येतं. बाईंनी २०१९ मध्ये वाडा विकला असेल, किंवा चुलत दिरांच्या दाव्यात मालकीचा हुकूमनामा बाईंच्या विरुद्ध झाला असेल, तर व्यापारी ते सांगू शकतो. नवा खरेदीदार येऊन भाडं मागू लागला, तर ‘तुमचं खरेदीखत दाखवा’ असं म्हणणं म्हणजे मालकी नाकारणं नव्हे. त्याने व्यापाऱ्याला किल्ली दिलेली नाही, त्यामुळे आधीच्या मालकिणीकडून त्याच्याकडे हक्क कसा आला हे त्याने दाखवायलाच हवं. मात्र चौकशी न करता नव्याच्या नावाने भाडं भरायला लागलं, की तिथेही दार बंद होऊ लागतं; मग फसवणूक किंवा गैरसमज सिद्ध करायची जबाबदारी भाडेकरूवर येते.

नव्या अधिनियमाने या कलमात चार शब्द वाढवले आहेत. १८७२चं कलम ‘भाडेपट्टा चालू असताना’ एवढंच म्हणत होतं. आता तिथे ‘किंवा त्यानंतर केव्हाही’ असंही आहे. मुदत संपली, नोटीस लागू झाली, आता मी भाडेकरू नाही, सबब मी मालकी नाकारतो, ही पळवाट न्यायालयांनी आधीच बुजवत आणली होती. ती कायद्याने पुरती बंद झाली. पण शब्दशः वाचलं तर ताबा प्रामाणिकपणे परत करून मग स्वतःच्या हक्काचा दावा लावणाऱ्यालाही हे शब्द गाठू शकतात. बिलास कुंवरने ठेवलेली ती वाट शाबूत राहणंच न्यायाचं ठरेल.

सगळ्यांत अवघड प्रसंग मात्र दोन नोटिशांचा. एक बाईंची, दुसरी चुलत दिरांची: ‘वाडा माझ्या वडिलांचा, भाडं मला द्या.’ अशा वेळी ‘तुम्ही दोघं आपसात ठरवा, मी पैसे कोर्टात भरतो’ असा दावा लावायचा मोह होतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३५व्या आदेशातला पाचवा नियम भाडेकरूला तसं करू देत नाही. दुसरा हक्कदार घरमालकामार्फतच हक्क सांगत असेल तरच तो मार्ग मोकळा आहे, आणि चुलत दीर तर बाईंच्या विरोधात हक्क सांगत आहेत. वरचढ हक्काचा माणूस खरोखरच भाडेकरूला बाहेर काढण्याच्या तयारीत असेल आणि भाडेकरूला त्याचंच भाडेकरूपण पत्करावं लागलं, तर ते बेदखल होण्यासारखंच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८७च्या डी. सत्यनारायण खटल्यात एका उपभाडेकरूच्या बाबतीत मानलं. तो धोका प्रत्यक्ष आणि खरा असायला लागतो; शेजाऱ्याने सांगितलं किंवा कार्डावर नाव दिसलं, एवढ्याने भागत नाही. तोवर व्यापाऱ्याने भाडं बाईंनाच द्यायचं, पावती घ्यायची आणि दिरांच्या नोटिशीला लेखी उत्तर द्यायचं, की आपला हक्क सांगणारा हुकूमनामा दाखवा.