चार तारे म्हणजे नक्की किती?

आमच्या घरी आजोबांनी आमटीची वाटी संपवून नुसतं "बरी झालीये" म्हटलं, की आईचा चेहरा खुलतो. तेच शब्द मावशीच्या तोंडून आले, तर आई लगेच विचारते, "काय गं, मीठ कमी पडलं का?" मावशीची सुरुवातच "अप्रतिम!"पासून होते, त्यामुळे "बरी" हा तिचा सगळ्यात खालचा शेरा. आजोबांकडे मात्र "बरी"च्या वर शेराच नाही. घरच्या माणसांच्या बाबतीत हा हिशेब आपण नकळत करतो. मोबाईलवर अनोळखी लोकांनी दिलेले तारे पाहताना मात्र तो विसरतो.

आजोबांच्या पंचाहत्तरीसाठी इंदूरमध्ये हॉल शोधताना आमचंही तसंच झालं. शेवटी दोन हॉल उरले. दोन्हींची सरासरी जवळपास सारखीच होती, म्हणून आम्ही जेवणाबद्दल सविस्तर लिहिलेला एकेक अभिप्राय काढला. पहिल्या हॉलला एका बाईंनी चार तारे दिले होते, दुसऱ्याला एका गृहस्थांनी तीन. सगळ्यांचं मत पहिल्याकडे झुकलं. तेवढ्यात माझ्या चुलत बहिणीने त्या दोघांच्या नावांवर टिचकी मारून त्यांचे आधीचे अभिप्राय उघडले.

बाईंच्या शेवटच्या दहा अभिप्रायांत आठ वेळा पाच तारे होते आणि दोनदा चार. सरासरी ४.८. म्हणजे आमच्या हॉलला मिळालेले चार तारे ही त्यांची नापसंती होती. खाली लिहिलंही होतं, "माणसं छान, फक्त जेवण गार होतं." गृहस्थांनी दहापैकी दोनदा एक, पाचदा दोन आणि तीनदा तीन तारे दिले होते. सरासरी २.१, आणि तीनच्या वर ते गेलेच नव्हते. आमच्या दुसऱ्या हॉलला त्यांनी आपल्या सरासरीपेक्षा जवळजवळ एक तारा जास्त दिला होता. तक्रार होती ती गाड्या लावायला जागा नसल्याची. जेवणाबद्दल लिहिलं होतं, "पोळ्या शेवटपर्यंत गरम."

हा हिशेब काही आमचा शोध नाही. २००६ साली नेटफ्लिक्सने, प्रेक्षक एखाद्या चित्रपटाला किती तारे देईल याचा अंदाज सुधारून दाखवणाऱ्यास दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. ते २००९ मध्ये दिलं गेलं. विजेत्या गटातल्या संशोधकांनी याचं एक सोपं उदाहरण दिलं आहे. समजा, सगळ्या चित्रपटांची सरासरी ३.७ आहे. 'टायटॅनिक' लोकांना सरासरीपेक्षा ०.५ ने जास्त आवडतो, आणि 'जो' नावाचा प्रेक्षक हात आखडून ०.३ ने कमी तारे देतो. तर जो 'टायटॅनिक'ला ३.७ अधिक ०.५ उणे ०.३, म्हणजे ३.९ देईल. माणसाची सवय आधी बाजूला काढायची, मग उरतं ते त्या वस्तूबद्दलचं मत.

काही वेळा फरक स्वभावाचा नसून ताऱ्यांच्या अर्थाचा असतो. गुडरीड्स या पुस्तकांच्या संकेतस्थळावर दोन ताऱ्यांचा अर्थ 'ठीक होतं' असा दिला आहे आणि तीनचा 'आवडलं'. तो अर्थ पाळणारा वाचक ठीकठाक पुस्तकाला दोन तारे देतो. शाळेतल्या गुणांच्या हिशेबाने चालणाऱ्याला दोन म्हणजे नापास वाटतं, म्हणून तो त्याच पुस्तकाला चार देऊन मोकळा होतो. पुस्तक दोघांनाही सारखंच वाटलेलं असतं.

पण या हिशेबाला मर्यादा आहेत. ज्याचे दोन-तीनच अभिप्राय आहेत, किंवा ज्याने आपली यादी झाकून ठेवली आहे, त्याची सवय कळत नाही. शिवाय कमी सरासरी म्हणजे कडक माणूस, असंही नाही. काही जण फक्त राग आल्यावरच लिहायला बसतात. अशा माणसाच्या यादीत नुसती भांडणंच दिसतात. आपल्या ओळखीच्या एखाद्या जागेबद्दल त्याने काय लिहिलंय ते वाचलं, की त्याचा अंदाज येतो. आणि सवय कळली तरी आवड कळत नाही. तिखट चालत नाही म्हणून दोन तारे देणाऱ्याचा अभिप्राय, झणझणीत आवडणाऱ्याला शिफारसच वाटेल. म्हणून ताऱ्यांखालचं एक वाक्य तरी वाचावंच.

आम्ही दुसरा हॉल घेतला. गाड्या खरंच दोन गल्ल्या लांब लावाव्या लागल्या, काका त्यावरून अजून बोलतात. पोळ्या मात्र शेवटच्या पंगतीपर्यंत गरम होत्या. घरी आल्यावर आजोबांना विचारलं, "जेवण कसं होतं?"

"बरं होतं," ते म्हणाले. आईचा चेहरा खुलला.