अनोळखी ज्येष्ठांस पहिली चिठ्ठी

लिंक्डइनवर अनोळखी ज्येष्ठांस जोडणीची विनंती पाठविताना सोबत चिठ्ठी लिहिता येते. तेथे जागा दोन-तीनशे अक्षरांचीच असते आणि काना-मात्राही मोजल्या जातात. आमचे विद्यार्थी मात्र अर्जाची भाषा वापरतात : ‘माननीय महोदयांच्या सेवेशी सविनय सादर’. त्यात जागा सरते आणि लिहिणारा आरंभीच याचक ठरतो. नुसते ‘हाय सर’ हे दुसरे टोक. ते कोणालाही पाठविल्यासारखे वाटते.

पदविकेच्या विद्यार्थ्याने ज्येष्ठ अभियंत्यास असे लिहावे, असे आम्ही सुचवितो :

‘नमस्कार सर. मी स्थापत्य पदविकेच्या शेवटच्या वर्षात आहे. नळपाणी योजनांतील गळतीवरचा आपला लेख वाचला. याच विषयावर माझा प्रकल्प आहे. आपले पुढील लेखन वाचता यावे म्हणून जोडले जाण्याची विनंती.’

‘सर’च्या आधी आडनाव घालावे. येथे आदर ‘आपला’ या शब्दात आणि लेख खरोखर वाचल्याच्या खुणेत आहे. विशेषणांची गरज उरत नाही. नोकरीची मागणी या चिठ्ठीत नसावी. अनोळखी व्यक्तीस तिला होकार देता येत नाही, म्हणून ती सारी विनंतीच बाजूला ठेवते. ज्येष्ठ इंग्रजीत लिहीत असतील तर चिठ्ठी इंग्रजीत लिहावी. मर्यादा मात्र हीच पाळावी.