आठव्या आठवड्याचा अहवाल

बी.एड. अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी त्यात किमान २० आठवडे शाळेत काढण्याची अट घातली: पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. आंतरवासिता म्हणतात ती हीच. त्यासाठी छात्राध्यापक एखाद्या शाळेत दाखल होतो आणि तिथल्या एका शिक्षकावर त्याचा मार्गदर्शक होण्याची जबाबदारी येते. या मार्गदर्शकाच्या हातून बरेच कागद लिहिले जातात. पाठ निरीक्षणाची पाने असतात, हजेरी असते, शेवटचा गुणतक्ता असतो. त्या ढिगात सर्वात उपयोगी ठरू शकतो आणि सर्वात घाईत उरकला जातो, तो मध्यावरचा अहवाल.

उपयोगी अशासाठी, की शेवटच्या अहवालानंतर काहीच बदलता येत नाही. आठव्या आठवड्यात मात्र छात्राध्यापकाची एकूण रीत कळलेली असते आणि ती सुधारायला तेवढेच आठवडे हाताशी असतात. तरी बहुतेक अहवालांत काय असते? ‘प्रगती समाधानकारक. फलकलेखन सुंदर. वर्गनियंत्रणाकडे लक्ष द्यावे. पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ महाविद्यालयात तो फायलीला लागतो आणि छात्राध्यापक दुसऱ्या दिवशी कालच्यासारखाच पाठ घेतो. त्यात त्याचा दोष नाही. ‘लक्ष द्यावे’ म्हणजे उद्या सकाळी वर्गात नेमके काय करावे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

नमुन्यासाठी एक कल्पित पण ओळखीची वाटेल अशी छात्राध्यापिका घेऊ. मराठी माध्यमाची शाळा, सहावीचा वर्ग, ४० मुले, विषय गणित, घटक अपूर्णांकांची बेरीज. बाई वेळेवर येतात, पाठ टाचण आदल्या दिवशी दाखवतात आणि दुसऱ्या आठवड्यातच त्यांना निम्म्या वर्गाची नावे पाठ झालेली असतात. फळा स्वच्छ, अक्षर वळणदार, रंगीत कागदाच्या पट्ट्या घरून कापून आणलेल्या. वर्गात गडबड नसते. दारातून डोकावणारे मुख्याध्यापक खूश होऊन जातात.

मार्गदर्शकाची पहिली कसोटी इथेच लागते. सुंदर फळा पाहिला की हात आपोआप निरीक्षण तक्त्यातल्या सगळ्याच रकान्यांत ‘उत्तम’ लिहू लागतो. प्रश्न विचारण्याचे कौशल्य उत्तम, मूल्यमापन उत्तम! हे टाळायचे तर मत देण्याआधी मोजावे लागते. मार्गदर्शक मागच्या बाकावर बसतो, वहीत बाकांचा साधा नकाशा काढतो आणि ज्या मुलाने एकट्याने उत्तर दिले त्याच्या जागी एक रेघ ओढतो. सगळ्या वर्गाने एका सुरात दिलेल्या उत्तरांसाठी वेगळी रेघ.

३५ मिनिटांच्या तासात बाईंनी २४ प्रश्न विचारले, असे धरू. त्यांपैकी १६ प्रश्नांना वर्गाने एकसुरात उत्तर दिले. उरलेले ८ प्रश्न पाच मुलांत वाटले गेले आणि ती पाचही मुले पहिल्या दोन ओळींतली. म्हणजे ३५ मुलांचा एकट्याचा आवाज त्या तासात ऐकूच आला नाही. ‘समजलं का?’ या प्रश्नाला दर वेळी ‘हो बाई!’ आले आणि बाई पुढे सरकल्या.

मुलांना खरोखर समजले होते का, हे पाहायला एकच उदाहरण पुरते. तास संपताना मार्गदर्शक मुलांना चिठोऱ्यावर १/२ + १/३ सोडवायला सांगतो आणि चिठोऱ्यांचे तीन गठ्ठे करतो. ५/६ हे बरोबर उत्तर १४ मुलांचे. १९ मुलांनी २/५ लिहिलेले: वरचे अंक एकमेकांत मिळवले, खालचे एकमेकांत मिळवले, संपले. उरलेल्या ७ जणांचे काहीतरी भलतेच. सहावीत ज्यांनी शिकवले त्यांना २/५ चे नवल वाटणार नाही. मुले अपूर्णांक ही एक संख्या मानत नाहीत, वर एक आणि खाली एक अशा दोन सुट्या संख्या मानतात. अर्ध्यात काहीतरी मिळवल्यावर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसे आले, हा प्रश्न त्यांना पडत नाही, कारण २/५ आणि १/२ यांत मोठे कोण हे त्यांनी ताडून पाहिलेलेच नसते. बाईंच्या कागदी पट्ट्या नेमक्या हेच दाखवू शकल्या असत्या. पण पट्ट्या बाईंच्याच हातात होत्या आणि प्रस्तावनेत दाखवून त्या टेबलावर ठेवल्या गेल्या.

आता घड्याळाकडे पाहू. आपल्याकडच्या पाठ टाचणाची चौकट ठरलेली: प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ. नवख्या शिक्षकाची प्रस्तावना लांबते, कारण तिथे त्याने सगळ्यात जास्त जीव ओतलेला असतो. या तासात ती ९ मिनिटे चालली. उपयोजनाची, म्हणजे मुलांनी स्वतः गणित सोडवण्याची पायरी आली तेव्हा ३ मिनिटे उरली होती. घंटा झाली आणि ते गृहपाठात ढकलले गेले. एक निरीक्षण असे आले तर तो अपघात. चार निरीक्षणांत तेच दिसले तर ती सवय, आणि अहवालात सवयच लिहायची असते.

‘संतुलित’ या शब्दाचा अर्थ अनेक मार्गदर्शक एक गोड आणि एक कडू असा घेतात. कौतुकाची चार वाक्ये, उणिवांची चार वाक्ये, तागडी समान. माझ्या मते हा न्याय नव्हे, ही भिडस्त वाटणी आहे. संतुलन म्हणजे प्रत्येक गोष्टीला तिच्या वजनाइतकी जागा देणे. या बाईंच्या बाबतीत वजनाची गोष्ट एकच आहे. मुलांना काय कळले हे तासाच्या आत त्यांना कळत नाही. प्रश्न एकसुरी उत्तरांसाठी विचारले जातात, उपयोजनाला वेळ उरत नाही, पट्ट्या मुलांच्या हाती जात नाहीत. ही तीन दुखणी वेगवेगळी दिसतात, पण त्यांचे मूळ एक. अक्षर, टापटीप, शुद्धलेखनातल्या दोन चुका हे सगळे बोलता बोलता सांगण्यासारखे आहे. त्याला अहवालात ओळ कशाला?

तेव्हा अहवालाचा गाभा साधारण असा होईल:

‘छात्राध्यापिकेचे मुलांशी नाते चांगले जमले आहे. मुले तिच्या तासाला निर्धास्तपणे बसतात, चुकले तरी घाबरत नाहीत. आठ आठवड्यांत हे साधणे सोपे नाही. विषयाची तयारी पक्की आहे. मात्र निरीक्षण केलेल्या चारही पाठांत बहुतेक प्रश्नांची उत्तरे सामूहिक होती आणि वैयक्तिक उत्तरे पहिल्या दोन ओळींतून आली. अपूर्णांकांच्या बेरजेनंतर ४० पैकी १४ विद्यार्थ्यांना उदाहरण सोडवता आले. अध्ययनाची तपासणी तासाच्या आत होणे, ही उरलेल्या आठवड्यांची मुख्य गरज आहे. आंतरवासिता यशस्वीपणे पूर्ण होईल असे आजचे चित्र आहे.’

शेवटचे वाक्य मुद्दाम घातले आहे. छात्राध्यापिका अहवाल हातात घेते तेव्हा तिच्या मनात एकच प्रश्न असतो: आपण पास होणार की नाही? त्याचे उत्तर दिले नाही तर बाकीचे ती वाचूनही वाचत नाही. उत्तर नकारार्थी असेल तर ते याच टप्प्यावर, लेखी आणि सरळ शब्दांत द्यायला हवे. मध्यावर ‘समाधानकारक’ आणि शेवटी ‘असमाधानकारक’ असे लिहिणाऱ्या मार्गदर्शकाने छात्राध्यापकाची फसवणूक केलेली असते, मग मधला शब्द त्याने कितीही दयाळूपणे लिहिलेला असो.

उद्दिष्टे तीनांपेक्षा जास्त नकोत, आणि प्रत्येक उद्दिष्ट मागच्या बाकावरून दिसेल असे हवे. पहिले: प्रश्न विचारल्यावर लगेच उत्तर न घेता किमान तीन सेकंद थांबायचे, मग नाव घेऊन विचारायचे; आठवड्याभरात वर्गातल्या प्रत्येक मुलाचा आवाज एकदा तरी आला पाहिजे. या तीन सेकंदांना आधार आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतले संवाद ध्वनिमुद्रित करून तपासले. प्रश्नानंतर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात आणि तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरे लांबतात, मुळीच उत्तर न येण्याचे प्रमाण घटते, असे तिला आढळले. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण शांत वर्गासमोर उभे राहून तीन सेकंद गप्प बसून पाहावे. नवख्याला ते संपता संपत नाहीत.

दुसरे उद्दिष्ट वेळेचे: प्रस्तावना ४ मिनिटांत आणि उपयोजनाला किमान १०. टाचणाच्या समासात प्रत्येक पायरीसमोर मिनिटे लिहायची आणि ती संपली की पुढे जायचे. तिसरे चिठोऱ्यांचे: आठवड्यातून दोनदा तासाच्या शेवटी एक उदाहरण, चिठोऱ्यांचे तीन गठ्ठे, आणि दुसऱ्या दिवशीचा पाठ सर्वात मोठ्या चुकीच्या गठ्ठ्यापासून सुरू. म्हणजे उद्याचा पाठ ‘२/५ हे १/२ पेक्षा मोठे की लहान?’ या प्रश्नाने उघडेल आणि पट्ट्या मुलांच्या बाकांवर असतील. दहाव्या आणि तेराव्या आठवड्यात मार्गदर्शक पुन्हा नकाशा काढील. रेघा मागच्या बाकांपर्यंत पोचल्या की पहिले उद्दिष्ट साधले. २/५ चा गठ्ठा बारीक होऊ लागला की तिसरे.

अहवाल सहीसाठी पुढे करण्याआधी एकदा बोलणे व्हायला हवे, आणि त्यात आधी छात्राध्यापिकेने बोलावे. मार्गदर्शकाने एवढेच म्हणावे, ‘मॅडम, हा नकाशा बघा आणि काय दिसतं ते तुम्हीच सांगा.’ बहुतेकदा ती स्वतःच म्हणते, ‘सर, मागे कुणालाच विचारलं नाही मी.’ जे तिने स्वतः ओळखले ते उद्दिष्ट तिला लादलेले वाटत नाही. अहवालातली एकही ओळ तिला नवी वाटू नये.

शाळेच्या बाजूचेही एक कलम त्यात असावे, जे सहसा नसते. शिक्षक रजेवर गेले की रिकामे तास छात्राध्यापकांच्या गळ्यात पडतात. कधी एखादा आठवडा पेपर तपासण्यात किंवा स्नेहसंमेलनाच्या तयारीत जातो. आठ आठवड्यांत तिला सलग एक घटक शिकवायला मिळाला नसेल तर ‘घटक नियोजनात कमी पडते’ असे लिहिणे अन्यायाचे आहे. तिला काय दिले गेले नाही, हेही मार्गदर्शकाने नोंदवावे.

हे सारे करायला मार्गदर्शक मागच्या बाकावर बसलेला असावा लागतो, आणि त्याच वेळी त्याचा स्वतःचा तास शेजारच्या वर्गात लागलेला असतो. म्हणून मुख्याध्यापकांना एक विनंती: आंतरवासितेच्या काळात वेळापत्रक लावताना मार्गदर्शकाला आठवड्यात दोन तास मोकळे द्या, आणि त्या तासांना त्याला दुसऱ्या कोणाच्या बदलीवर पाठवू नका.