मुदत वाढली बांधकामाची, विम्याची नाही

इमारतीचं काम लांबलं की कंत्राटदार आर्किटेक्टकडे किंवा खात्याच्या अभियंत्याकडे मुदतवाढ मागतो. कारणं पटली की पत्र मिळतं आणि ते फाइलला लागतं. बहुतेकांची समजूत अशी की आता सगळंच पुढे सरकलं. पण त्या पत्राने फक्त मालक आणि कंत्राटदार यांच्यातली तारीख बदलते. विमा कंपनी त्या करारात नसते. साइटवरच्या कामाचा जो विमा असतो, ज्याला या धंद्यात सगळे सीएआर पॉलिसी म्हणतात, तो आपल्या छापील तारखेला मध्यरात्री संपतो.

या पॉलिसीचे दोन भाग असतात. पहिल्यात उभं राहत असलेलं काम आणि साइटवर आणून ठेवलेलं साहित्य येतं. आग, पूर, वादळ, भूकंप, चोरी, स्लॅब कोसळणं अशा नुकसानीची भरपाई त्यातून मिळते. दुसऱ्यात त्रयस्थांचं नुकसान येतं. मात्र आपल्या खोदाईने शेजारच्या सोसायटीची भिंत खचली, तर ते नुकसान सहसा वेगळं एन्डॉर्समेंट घेतलं असेल तरच यात येतं. काम उशिरा झालं म्हणून मालकाने लावलेला दंड मात्र यातल्या कुठल्याच भागात बसत नाही. मुदतवाढ मागताना अनेकांच्या मनात तीही आशा असते, म्हणून हे आधीच सांगतो.

ठाण्यातल्या सात मजली इमारतीचं एक कल्पित उदाहरण घेऊ. कंत्राट 12 कोटींचं, काम 1 डिसेंबर 2023 ला सुरू, पॉलिसी 18 महिन्यांची, म्हणजे 31 मे 2025 पर्यंत. पाऊस सुरू व्हायच्या आत सगळं आटपेल, असा त्यामागचा हिशेब. मध्येच मालकाने टीडीआर घेऊन आणखी एक मजला चढवायचं ठरवलं. सुधारित नकाशा मंजूर होईपर्यंत वरचं काम दोन महिने थांबलं. नवा मजला आणि वाढलेले दर धरून काम 15 कोटींवर गेलं. आर्किटेक्टने 30 नोव्हेंबर 2025 पर्यंत मुदत वाढवून दिली.

त्या वर्षी मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत दाखल झाला; एरवीची तारीख 11 जून. त्या पावसाळ्याची जवळजवळ सगळी जोखीम आता वाढीव सहा महिन्यांत आली होती. शिवाय शेवटच्या टप्प्यातली इमारत सर्वांत महाग असते. तळघरात विजेचे पॅनेल बसलेले असतात, लिफ्टची यंत्रं आलेली असतात, टाइल्सच्या पेट्या रचलेल्या असतात, कुंपणाची भिंत नुकतीच उभी राहिलेली असते. पहिल्या सहा महिन्यांत तळघरात पाणी भरलं तर पंप लावून उपसता येतं. शेवटच्या सहा महिन्यांत तेच पाणी लाखोंचा माल खराब करतं. विमा कंपनी मुदतवाढीकडे या नजरेने पाहते. त्यामुळे जुन्याच दराने मुदत वाढेल असं गृहीत धरू नये. दर वाढू शकतो, पूर आणि वादळाच्या दाव्यात कंत्राटदाराने स्वतः सोसायची रक्कम वाढू शकते आणि कंपनी नकारही देऊ शकते.

म्हणून अर्ज पॉलिसी संपण्याच्या निदान दीड-दोन महिने आधी जावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्या कामात जोखमीचा काही भाग पुनर्विमा कंपन्यांकडे असतो आणि त्यांची संमती यायला वेळ लागतो. कंपनीचा माणूस साइट पाहायलाही येऊ शकतो.

अर्ज लांबलचक नको, पण त्यात लपवाछपवी अजिबात नको. पॉलिसी क्रमांक, सध्याची आणि हवी असलेली तारीख, उशीर का झाला, आजवर किती रुपयांचं काम झालं आणि किती उरलं, हे सरळ लिहावं. सोबत सुधारित बार चार्ट, आर्किटेक्टचं मुदतवाढीचं पत्र आणि साइटचे ताजे फोटो जोडावेत. आजवर काही नुकसान झालं असेल तर तेही लिहावं, दावा केलेला नसला तरी.

दोन गोष्टी सांगायला कंत्राटदार कचरतात आणि नेमकं तिथेच पुढे दावे अडकतात. पहिली म्हणजे काम थांबल्याचे महिने. पूर्ण किंवा अंशतः बंद पडलेल्या कामामुळे झालेलं नुकसान या पॉलिसीत सहसा वगळलेलं असतं, कारण ओस साइटवर चोरी होते, उघड्या सळया गंजतात, पाण्याचा निचरा कुणी पाहत नाही. ठाण्याच्या उदाहरणातले ते दोन महिने काम थांबलं तेव्हाच कळवायला हवे होते. तेव्हा राहिलं असेल तर निदान अर्जात यायलाच हवेत. दुसरी म्हणजे ताबा. इमारतीचा जो भाग मालकाच्या ताब्यात गेला किंवा वापरात आला, त्याचं संरक्षण तारीख शिल्लक असली तरी तिथेच संपतं. खालच्या मजल्यावर दुकानं सुरू झाली असतील, तर मुदतवाढीने त्या मजल्याला काही मिळत नाही. त्यासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो.

आता रकमेचं पाहू. विम्याची रक्कम पूर्ण झालेल्या कामाच्या किमतीइतकी असावी लागते. आपल्या उदाहरणात तारीख वाढवली, पण रक्कम 12 कोटीच ठेवली, तर काम पाच भागांपैकी चारच भाग विमा उतरवलेलं ठरतं. तळघरात पाणी शिरून 20 लाखांचं नुकसान झालं, तर सर्व्हेअर आधी त्याचे 16 लाख करेल आणि मग त्यातून कंत्राटदाराच्या वाट्याची रक्कम वजा होईल. हप्ता वाचवण्याच्या नादात ही चूक होते आणि वाचतं किती ते पाहा. समजा 18 महिन्यांसाठी दर हजारी दीड रुपया होता. वाढीव 3 कोटींवर 45 हजार आणि 15 कोटींवर सहा महिन्यांचे त्याच प्रमाणात 75 हजार, मिळून 1 लाख 20 हजार. त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 1 लाख 41 हजार 600 रुपये. रक्कम तशीच ठेवली असती तर 70 हजार 800 रुपये लागले असते. खरा दर जागा, तळघराची खोली आणि भूकंपाचं क्षेत्र पाहून ठरतो.

तारीख उलटल्यावर जागं झालं तर काय? 1938 च्या विमा कायद्याचं 64 व्हीबी कलम सांगतं की हप्ता आधी मिळाल्याशिवाय विमा कंपनीने जोखीम घ्यायची नाही. त्यामुळे 10 जूनला पैसे भरले, तर 1 ते 9 जूनचा काळ उघडा राहतो. कंपनी तेव्हा नव्याने पाहणी करते आणि मधल्या काळात काही नुकसान झालेलं नाही, असं लेखी मागते. ते खोटं लिहून दिलं तर पुढचा खरा दावाही जातो. शिवाय काम पूर्ण होईपर्यंत विमा चालू ठेवणं ही बहुतेक मोठ्या कंत्राटांत कंत्राटदाराची जबाबदारी असते. त्याने ती टाळली तर मालक स्वतः विमा काढून पैसे त्याच्या बिलातून कापू शकतो.

मंजुरी आली की ब्रोकरचा फोन किंवा ‘होऊन जाईल’ हा निरोप पुरेसा धरू नये. हातात एन्डॉर्समेंट यायला हवं. त्यात नवी तारीख, नवी रक्कम, मालकाचं आणि कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव, दोन्ही भागांना मुदतवाढ लागू असल्याचा उल्लेख आणि बदललेल्या अटी वाचून घ्याव्यात. मजुरांच्या नुकसानभरपाईची पॉलिसी वेगळी असते आणि ती बहुधा त्याच दिवशी संपते. तिची मुदत त्याच वेळी वाढवावी. आणि नोव्हेंबरमध्येही काम संपणार नाही असं दिसू लागलं, तर पुढचा अर्ज सप्टेंबरअखेर कंपनीच्या टेबलावर हवा.