सोन्याचं बिल: घडणावळ दिसते, घट लपते

अक्षय्य तृतीया किंवा दसरा जवळ आला की सराफी पेढ्यांवर ‘घडणावळीवर ५० टक्के सूट’ अशा पाट्या झळकतात. सूट खरी असते. पण ती बिलातल्या एकाच ओळीवर असते, आणि त्या ओळीच्या वर एक दुसरी ओळ असते, ‘घट’ किंवा ‘वेस्टेज’ नावाची. तिच्यावर सहसा कुणी सूट देत नाही, आणि गिऱ्हाईकही तिच्याबद्दल क्वचितच विचारतं.

मराठी घरात हमखास घेतला जाणारा दागिना म्हणजे मंगळसूत्र, आणि बिल वाचायला शिकायचं तर तेच घ्यावं. कारण त्यात सोन्याशिवाय काळे मणी असतात, दोरा असतो, कधी खडेही असतात. काट्यावर ठेवलं की सगळ्याचं मिळून वजन येतं. बिलात त्याला ‘ग्रॉस’ म्हणतात. त्यातून मणी, दोरा, खडे वजा केले की उरतं ते ‘नेट’, म्हणजे निव्वळ सोनं. सोन्याचा भाव फक्त या नेटवर लागला पाहिजे.

हिशेब सोपा व्हावा म्हणून २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. मंगळसूत्र काट्यावर २२.४०० ग्रॅम भरलं. त्यात काळे मणी आणि दोरा २.४०० ग्रॅम, म्हणजे नेट सोनं २०.००० ग्रॅम आणि त्याची किंमत दोन लाख रुपये. भाव चुकून ग्रॉसवर लावला गेला, तर काचेच्या मण्यांचे २४,००० रुपये होतील. म्हणून ग्रॉस, वजावट आणि नेट हे तिन्ही आकडे बिलावर वेगवेगळे लिहून घ्यावेत. ‘एकूण वजन’ एवढंच लिहिलेली पावती घेऊ नये. ओवलेल्या दागिन्यात मण्यांचं वजन किती धरलं आणि ते कसं काढलं, हे विचारायला संकोच नको. रोजचंच काम असलेला सराफ ते सहज सांगतो.

भाव कोणता लावला तेही पाहावं. बातम्यांत मोठ्या अक्षरात येतो तो बहुतेक वेळा २४ कॅरेटचा. २२ कॅरेट म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनं, म्हणून त्याचा भाव साधारण तेवढ्याच प्रमाणात कमी असतो. मुंबईची इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन ९९९, ९१६, ७५० अशा शुद्धतेनुसार दर जाहीर करते. त्यात जीएसटी धरलेला नसतो. पेढीचा भाव त्याहून थोडा वेगळा असू शकतो, पण २२ कॅरेटच्या दागिन्याला २४ कॅरेटचा भाव लागला असेल तर तो फरक लगेच नजरेत भरतो. आणखी एक घोळ तोळ्याचा. आजीचा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, आजच्या बाजारात तोळा म्हणजे सरळ दहा ग्रॅम. बिल ग्रॅममध्येच वाचावं.

आता घट. दागिना घडवताना सोनं कापलं जातं, कानशीने घासलं जातं, वितळवताना आणि पॉलिश करताना थोडं उडतं. पूर्वी सोनाराच्या दुकानातला केर धुऊन त्यातून सोन्याचे कण वेगळे करणारे झारेकरी असत. तो केर विकत घेतला जाई, यावरून त्यात काय असायचं ते कळतं. म्हणजे घट खरी आहे, पण ती सगळीच वाया जात नाही. यंत्रावर निघालेल्या साखळीत ती थोडी असते, हाताने केलेल्या बारीक नक्षीत जास्त. बिलावर मात्र ती बहुधा ठरलेल्या टक्क्याने लागते. या दागिन्यात प्रत्यक्ष किती सोनं गेलं, ते कुणी मोजत नाही.

आपल्या मंगळसूत्रावर ६ टक्के घट आणि १२ टक्के घडणावळ लावली असं समजू. घट म्हणजे १.२०० ग्रॅम, बारा हजार रुपये. खरी गंमत पुढे आहे. काही ठिकाणी घडणावळीचे टक्के २० ग्रॅमवर न लावता घट मिळवून झालेल्या २१.२०० ग्रॅमवर लावतात. मग घडणावळ २४,००० ऐवजी २५,४४० होते. दोन्ही मिळून सोन्याच्या किमतीवर ३७,४४० रुपये चढले. निव्वळ वजनावर काढलं तर हे जवळपास पावणेएकोणीस टक्के होतात, आणि बोलताना तर ‘फक्त बारा टक्के’ सांगितलेले असतात.

आता ती सूट लावून पाहू. घडणावळ निम्मी झाली, १२,७२० रुपये. घट होती तशीच. एकूण २४,७२०. शेजारची पेढी सूट देत नाही, पण घट न लावता नेटवर सरळ ११ टक्के घडणावळ घेते. तिथे तोच दागिना २२,००० रुपयांच्या घडणावळीत पडतो. तुलना करायची ती अशी: कर आणि हॉलमार्कचं शुल्क सोडून बिलाची रक्कम घ्यायची, त्यातून नेट वजन गुणिले भाव वजा करायचे, आणि उरलेल्या रकमेला नेट वजनाने भागायचं. ग्रॅममागे किती जास्त द्यावे लागतात ते कळतं, मग त्या ओळीला घट म्हणा, मजुरी म्हणा की ‘व्हीए’ म्हणा. भाव पेढीगणिक वेगळा असेल तर तोही शेजारी लिहून ठेवावा.

तयार दागिन्याच्या बिलात जीएसटी सोनं आणि घडणावळ मिळून ३ टक्के असतो, म्हणजे दीड टक्के केंद्राचा आणि दीड राज्याचा. हॉलमार्कचं शुल्क नगामागे ४५ रुपये आणि त्यावरचा कर. दागिना कितीही जड असो, ते वजनावर लागत नाही. हॉलमार्कच्या नावाखाली चारशे-पाचशे रुपये दिसले तर कारण विचारावं.

हॉलमार्क शुद्धता सांगतो. वजन किंवा भाव बरोबर आहे का, हे तो सांगत नाही. १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर तीन खुणा लागतात: बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, 22K916 सारखी शुद्धता, आणि अक्षरं-आकडे मिळून सहा जागांचा एचयूआयडी. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला सक्तीतून सूट आहे. मंगळसूत्रात या खुणा सहसा वाटीच्या मागे किंवा कडीजवळ असतात आणि इतक्या बारीक असतात की भिंग मागावंच लागतं. पेढीत ते असतं. भिंगातून वाचलेला क्रमांक काउंटरवरच मोबाइलच्या BIS Care ॲपमध्ये Verify HUID खाली टाकावा. दागिन्याचा प्रकार, शुद्धता, हॉलमार्क केल्याची तारीख आणि केंद्राचं नाव समोर येतं. हातात मंगळसूत्र आणि पडद्यावर ‘अंगठी’ दिसली, तर व्यवहार तिथेच थांबवावा. ‘केडीएम आहे, म्हणजे शुद्धच’ असं कुणी म्हणालं तर तो हॉलमार्क नव्हे. तो शब्द कॅडमियमच्या डाकावरून आला आहे.

शंका राहिली तर बीआयएसमान्य तपासणी केंद्रात सामान्य ग्राहकालाही शुल्क भरून दागिना तपासून घेता येतो. हॉलमार्क असूनही शुद्धता कमी निघाली, तर विकलेल्या वजनावर त्या कमतरतेच्या फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च सराफाने द्यायचा, असा २०१८ च्या बीआयएस नियमांत उल्लेख आहे. ती मागायला पक्कं बिल लागतं, ज्यावर दागिन्याचं वर्णन, नेट वजन, कॅरेट व शुद्धता आणि हॉलमार्कचं शुल्क वेगळं लिहिलेलं असतं. एचयूआयडीसुद्धा त्यावर लिहायला सांगावं. कच्च्या चिठ्ठीवर जीएसटी वाचवून घेतलेल्या मंगळसूत्रासाठी ही मागणी करायला हातात कागदच उरत नाही.