एकच पूड, एकच पाणी. मग एक कप आंबट, दुसरा तुरट का? कॉफी ढवळण्यामागचं विज्ञान समजून घ्या

भाटघर धरणाच्या बॅकवॉटरला किंवा तोरण्याच्या पायथ्याला मुक्कामी जाणाऱ्यांच्या सॅकमध्ये हल्ली मॅगीच्या पाकिटासोबत हातानं फिरवायचा छोटा ग्राइंडर, कागदी फिल्टर आणि प्लॅस्टिकचा शंकू सापडतो. पूड एकाच पिशवीतली, पाणी एकाच पातेल्यातलं. तरीही पहिला कप आंबट आणि पाणचट लागतो, तर दुसरा इतका तुरट की जीभ कोरडी पडते. दोष बहुतेक वेळा दाणे भाजणाऱ्याला दिला जातो. पण पुष्कळदा फरक चमच्यानं पाडलेला असतो.

ढवळल्यावर नेमकं काय होतं?

गरम पाणी कॉफीच्या कणाला लागलं की त्यातले विरघळणारे पदार्थ बाहेर येतात आणि कणाभोवती घट्ट अर्काचा एक पातळ थर साचतो. हा थर जागेवर राहिला, तर आतला अर्क बाहेर यायचा वेग मंदावतो. पाणी हललं की थर वाहून जातो, ताजं पाणी कणाला भिडतं आणि अर्क पुन्हा भराभर उतरू लागतो. साखर चहाच्या तळाशी तशीच पडून राहते आणि चमचा फिरवला की विरघळते, त्यातला हाच प्रकार.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे. कोरड्या पुडीवर पाणी पडलं की तिच्या गुठळ्या होतात. बेसनाच्या पिठात होतात तशाच: बाहेरून ओल्या, आत कोरड्या. त्या फुटल्या नाहीत, तर आतल्या पुडीतून शेवटपर्यंत काहीच उतरत नाही. ढवळण्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणूनच पहिल्या अर्ध्या मिनिटात होतो.

फ्रेंच प्रेसला चालतं, ते कागदाला का चालत नाही?

फ्रेंच प्रेसमध्ये पूड आणि पाणी एकाच भांड्यात मुरतात. पाणी तेवढंच असल्यामुळे ते अर्कानं जसजसं घट्ट होतं, तसतसा उतरण्याचा वेग आपोआप कमी होतो. ढवळल्यानं तुम्ही त्या टप्प्याला लवकर पोहोचता, पण त्याच्या फारसं पुढे जात नाही. त्यामुळे इथे हात थोडा जड पडला तरी कप बिघडत नाही. चार मिनिटांनी वर साचलेला पुडीचा जाड पापुद्रा चमच्यानं मोडायचा, म्हणजे तरंगणारी पूड खाली बसते. आणखी चार-पाच मिनिटं थांबलं तर गाळही खाली बसतो आणि कप स्वच्छ मिळतो.

पोअर-ओव्हरचं तसं नाही. शंकूत वरून सतत ताजं पाणी येतं आणि खालून अर्क निघून जातो. त्यामुळे पाणी कधीच पुरेसं घट्ट होत नाही आणि उतरणं थांबत नाही. शिवाय मध्ये कागद असतो. कोणत्याही ग्राइंडरमधून दाण्यांसोबत मैद्यासारखा भुगा निघतोच. जोरात ढवळलं की हा भुगा सुटून खाली सरकतो आणि कागदाची छिद्रं बुजवतो. पाणी तुंबतं, पूड गरजेपेक्षा जास्त वेळ भिजते आणि तुरटपणा येतो. गंमत म्हणजे असा तुरट कप मिळाल्यावर बरेच जण पुढच्या वेळी पूड जाड दळतात. खरं तर आधी चमचा कमी करून बघायला हवा.

एक कप, आकड्यांसह

भाटघरच्या काठावर 15 ग्रॅम पूड आणि 250 मिलिलीटर पाणी आहे, असं धरू. पूड बारीक रव्याहून किंचित जाड. पाणी उकळलं की लगेच 45 मिलिलीटर ओतायचं आणि शंकू हातात धरून तीन-चार वेळा हलकेच गोल फिरवायचा. कोरडे डाग दिसेनासे व्हायला हवेत. 45 सेकंद झाले की दुसरं ओतणं सुरू करून एकूण 150पर्यंत जायचं. सव्वा मिनिटाच्या सुमारास उरलेलं पाणी घालून पावणेदोन मिनिटांपर्यंत 250 पूर्ण करायचं. मग चमचा कडेनं एकदा एका दिशेनं, एकदा उलट्या दिशेनं. तळाला लावायचा नाही. शेवटी शंकूला एक हलका गोल झोका द्यायचा, म्हणजे भिंतीला चिकटलेली पूड खाली येते आणि थर सपाट बसतो. पाणी साधारण तीन मिनिटांत उतरतं.

पूड स्वतःच्या वजनाच्या दुपटीच्या आसपास पाणी धरून ठेवते, म्हणजे कपात 220 ग्रॅम येतं. त्यात 1.35 टक्के विरघळलेले पदार्थ असतील, तर ते झाले सुमारे 3 ग्रॅम. 15 ग्रॅममधून 3 ग्रॅम, म्हणजे 20 टक्के अर्क. 18 ते 22 टक्के हा पट्टा चवीला सहसा जमतो. न ढवळता तीच कृती केली, तर गुठळ्यांमुळे आकडा खाली घसरतो.

आता त्याच पुडीत चमचा तळापर्यंत घालून सहा-सात वेळा जोरात फिरवला, तर पाणी उतरायला चार-साडेचार मिनिटं लागू शकतात. ओळखायचं कसं? शंकूत डोकावा. वर चिखलासारखा गुळगुळीत लेप दिसला, तर भुगा सुटलाय. मध्ये खड्डा आणि भिंतीवर उंचपर्यंत पूड दिसली, तर पाण्यानं आडवाट काढली. असा कप एकाच वेळी आंबट आणि कडू लागतो, कारण काही पूड जास्त धुतली गेलेली असते आणि काही जेमतेम ओली झालेली.

पातेल्यानं ओतताना

कॅम्पवर बारीक चोचीची किटली क्वचितच असते. पातेल्यातून पाण्याचा जाड लोट पडतो आणि पुडीत खड्डा करतो. ओतणं हेसुद्धा ढवळणंच आहे, हे इथे लक्षात येतं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2025 मध्ये ‘फिजिक्स ऑफ फ्लुइड्स’ या नियतकालिकात यावरच निबंध प्रसिद्ध केला. काचेच्या शंकूत पारदर्शक कण भरून त्यांनी लेझर आणि वेगवान कॅमेऱ्यानं पाण्याची धार पाहिली. धार उंचावरून पण अखंड पडली, तर ती आत खोलवर शिरते, बाजूचे कण दरडीसारखे ढासळतात आणि चांगले मिसळतात. धार तुटून थेंब झाले की हा जोर जातो. योग्य ओतण्यानं 10 टक्क्यांपर्यंत कमी पूड पुरू शकते, असं त्यांचं म्हणणं. बॅकवॉटरच्या वाऱ्यात बारीक धार टिकत नाही. तेव्हा पातेलं शंकूजवळ धरून चमच्याच्या पाठीवरून पाणी सोडावं, आणि ढवळण्याचं काम वर सांगितलेल्या दोन फेऱ्यांवर सोपवावं.

आणि गडावर?

भोर समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर आहे. तिथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. तोरणा सुमारे 1,400 मीटर, तिथे उत्कलनबिंदू 95 अंशांवर येतो. फरक लहान आहे, पण वाऱ्यात आणि स्टीलच्या मगात आणखी काही अंश जातात. पाणी थंड असेल तर अर्क हळू उतरतो आणि ती कसर ढवळून भरून काढता येते. एरोप्रेसचे जनक ॲलन ॲडलर यांची मूळ कृती याच हिशेबावर उभी आहे: पाणी अवघं 80 अंश, पूड बारीक आणि ढवळणं 10 सेकंद. गडावर म्हणूनच शंकूपेक्षा एरोप्रेस सोपा जातो. कागद त्यातही असतो, पण तुंबलं तर दट्ट्या दाबता येतो.

दुकानातून दळून आणलेली चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफी मात्र शंकूत घालू नये. ती इतकी बारीक असते की न ढवळताही कागद तुंबतो. ती स्टीलच्या फिल्टरमध्ये दाबून बसवायची, वरून उकळतं पाणी घालायचं आणि चमचा बाजूला ठेवायचा.