कुशीवर झोपलं की खुबा ठणकतो? सांधाच झिजलाय असं नसतं

समजा, चिखली तालुक्यातल्या पन्नाशीच्या एक काकू आहेत. सोयाबीनची सोंगणी झाली आणि खुब्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं. रात्री त्या कुशीवर झोपल्या की जाग येते. घरचे म्हणतात, "सांधा गेला, आता ऑपरेशन."

पण दुखणं नेमकं कुठे आहे, ते आधी बघा.

मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा खुब्याच्या बाहेर हाताला लागतो. त्याला ग्रेटर ट्रोकॅन्टर म्हणतात. कुल्ल्याचे ग्लुटियस मिडियस आणि मिनिमस हे स्नायू टेंडनने, म्हणजे दोरीसारख्या पट्ट्याने, तिथे जोडलेले असतात. आपण एका पायावर आलो की कमरेला तोलून धरतात ते हेच. या दुखण्याला पूर्वी सरसकट 'बर्सायटिस', म्हणजे तिथल्या पिशवीची सूज म्हणायचे. बहुतेकांमध्ये मूळ बिघाड टेंडनमध्ये असतो, हे नंतर सोनोग्राफी आणि एमआरआयमधून दिसलं. चाळिशीनंतरच्या बायकांमध्ये हे जास्त आढळतं.

मग सांध्याचं दुखणं कसं ओळखायचं?

सांधा झिजला असेल तर दुखणं बहुधा जांघेत येतं. मांडी आत वळवताना पाय अडतो, चप्पल-बूट घालायला वाकणं जड जातं. काकूंना चप्पल नीट घालता येते. पण त्या उंचवट्यावर बोट दाबलं की कळ येते आणि दुखऱ्या पायावर ३० सेकंद उभं राहिलं की तीच कळ उठते. ही टेंडनची खूण. फक्त एक्स-रेवर विसंबू नका. वयानुसार सांध्याची थोडी झीज त्यात दिसू शकते, आणि दुखणं मात्र टेंडनचं असू शकतं.

उपचार काय?

मांडी आतल्या बाजूला झुकली की टेंडन हाडावर दाबलं जातं. म्हणून एका कुल्ल्यावर भार टाकून उभं राहणं, लेकरू कडेवर घेणं आणि पायावर पाय टाकून बसणं टाळायचं. झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवायची. बाहेरची बाजू ताणणारे स्ट्रेचिंग नको, त्याने दाब वाढतो. त्याऐवजी ताकद वाढवायची. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलण्यापासून सुरुवात करता येते. व्यायामानंतर त्या रात्री दुखणं वाढलं तर दुसऱ्या दिवशी प्रमाण कमी करायचं.

इंजेक्शन घ्यावं का? ऑस्ट्रेलियातल्या २०४ रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये 'बीएमजे'त आला. आठ आठवड्यांनी बरं वाटलेले लोक व्यायाम आणि सवयी बदललेल्या गटात सुमारे ७७ टक्के होते. स्टेरॉइड इंजेक्शनच्या गटात ५८ टक्के, तर नुसती वाट पाहणाऱ्यांत २९ टक्के. वर्षभरानंतरही व्यायामाचाच गट पुढे होता. ऑपरेशनचा विचार टेंडन मोठ्या प्रमाणात फाटलं असेल आणि बाकी उपाय थकले असतील तेव्हाच होतो.

थांबू नका, डॉक्टरांकडे जा: पडल्यावर पायावर भार देता येत नसेल, ताप असेल, किंवा सिकलसेल असलेल्या तरुणाची जांघ दुखत असेल तर. सिकलसेलमध्ये खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, आणि तिथे उशी-व्यायामात वेळ घालवणं महागात पडतं.